पोस्ट मराठीत की उर्दूत? उदगीरच्या एका पेजचा हिशेब

गावातल्या संस्था, अभ्यासिका, माजी विद्यार्थी संघ, मदरसे आणि शाळा या सगळ्यांचे आता फेसबुकवर पेज असते, बहुतेकांचे यूट्यूब चॅनलही असते. ते चालवणाऱ्या तरुणांमध्ये एक वाद हमखास होतो. एक म्हणतो, सगळे उर्दूत टाका, आपली जबान आहे. दुसरा म्हणतो, मराठीत टाका, सरकारी कागद मराठीतच येतो. तिसरा दोघांना बाजूला सारून इंग्रजी अक्षरांत उर्दू लिहितो, कारण त्याच्या मोबाइलवर तेच टाइप करायला सोपे पडते. शेवटी ज्याच्या हातात फोन, त्याची भाषा ठरते.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा असता तर सोडून दिला असता. पण शिष्यवृत्तीची शेवटची तारीख ज्या लिपीत लिहिली ती आईला वाचता आली नाही, तर मुलीचा अर्ज राहून जातो. म्हणून हा निर्णय अंदाजाने न घेता आकडे पाहून घ्यावा. आकडे फुकट मिळतात. पेज चालवणाऱ्याच्या फोनमध्ये ते आधीच पडलेले असतात. मात्र ते वाचावे कसे आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवावा, हे कळायला हवे.

आकडे सापडतात कुठे?

फेसबुक पेज असेल तर Meta Business Suite उघडावे. त्यात Insights आणि त्याच्या आत Audience असा भाग आहे. तिथे आपले फॉलोअर कोणत्या शहरांत आणि देशांत आहेत, त्यांचे वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण काय, हे टक्क्यांत दिसते. इन्स्टाग्रामवर खाते आधी Professional प्रकारचे करून घ्यावे लागते. मग फॉलोअर्सच्या आकडेवारीत शहर आणि वयाबरोबर Most active times म्हणजे लोक कोणत्या वारी, कोणत्या वेळी ॲपवर असतात तेही दिसते. दोन्हीकडे किमान शंभर फॉलोअर लागतात. त्याखाली ही माहिती दाखवली जात नाही.

यूट्यूबवर YouTube Studio मध्ये Analytics आणि त्यात Audience हा भाग आहे. When your viewers are on YouTube या नावाचा जांभळ्या पट्ट्यांचा तक्ता मागच्या 28 दिवसांत आपले प्रेक्षक केव्हा यूट्यूबवर होते ते दाखवतो. पट्टी जितकी गडद, तितके लोक जास्त. वय आणि स्त्री-पुरुष यांची माहिती फक्त खाते उघडून पाहणाऱ्यांवरून काढलेली असते आणि प्रेक्षक थोडे असतील तर ती दिसतही नाही. या ॲपमधली नावे आणि जागा अधूनमधून बदलतात. शब्द थोडा वेगळा दिसला तरी शहर, वय आणि वेळ या तीन गोष्टी शोधाव्यात.

यात कोणाचेही नाव दिसत नाही, फक्त गट दिसतात. त्यामुळे घरातल्या बायकांनी पेज फॉलो केले तर त्या कोण, हे या तक्त्यांतून कोणाला कळत नाही. ज्यांना संकोच वाटतो त्यांना हे सांगून ठेवावे.

तक्ता भाषा सांगत नाही

आता मूळ अडचण. शहर, वय आणि वेळ कळते, पण हा माणूस कोणती लिपी वाचतो हे कोणताही तक्ता सांगत नाही. फोनच्या भाषेवरूनही ते कळत नाही. आपल्याच घरातले फोन पाहा. दादीमाँपासून नातवापर्यंत बहुतेकांचा फोन इंग्रजीत असतो, म्हणून दादीमाँ इंग्रजी वाचतात असे होत नाही.

म्हणजे शहर आणि वय यांवरून लिपीकडे जाण्याचा पूल आपल्यालाच बांधावा लागतो. तो पूल म्हणजे माणूस कोणत्या राज्यात, कोणत्या काळात आणि कोणत्या माध्यमातून शिकला. उदगीरसारख्या गावात हे फार महत्त्वाचे आहे. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू होती, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे. त्या काळात शिकलेले मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांतले लोकही उर्दू सफाईने वाचत. 1956 पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत आपण मराठी भागात आलो आणि बीदर कर्नाटकात गेले. नाती, सोयरिकी आणि रेल्वे मात्र पूर्वीसारखीच राहिली. लातूर रोडहून निघालेली गाडी उदगीर, भालकी, बीदर करत विकाराबादकडे जाते.

या रेषेचा परिणाम वाचनावर झाला. महाराष्ट्रात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मुलाला मराठी हा विषय असतो. म्हणून उदगीरच्या उर्दू शाळेतून निघालेला चाळिशीच्या आतला माणूस उर्दूही वाचतो आणि मराठीही वाचतो. त्याचा बीदरचा मावसभाऊ उर्दू आणि कन्नड शिकला. हिंदीमुळे त्याला देवनागरी अक्षरे लागतात, पण मराठी वाक्य त्याला कळत नाही. आणि उदगीरच्याच मराठी माध्यमात गेलेली मुलगी घरात अस्खलित दखनी बोलते, पण उर्दू लिपीतली ओळ तिला वाचता येत नाही. तिघांची बोली एक असूनही तिघांच्या लिप्या वेगळ्या आहेत.

यातून एक सोपा नियम निघतो. आपल्या भागात वयापेक्षा राज्याची सीमा लिपीबद्दल जास्त सांगते. त्यामुळे तक्त्यात आधी शहर पाहावे, वय नंतर.

एक पेज, दोन हजार फॉलोअर

हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा उदगीरमधल्या एका अभ्यासिकेचे फेसबुक पेज आहे आणि त्याचे दोन हजार फॉलोअर आहेत. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल आणि कल्पित धरले आहेत. आपल्या पेजचे आकडे काढून त्यांच्या जागी ठेवावेत.

शहरांच्या यादीत उदगीर 30 टक्के, पुणे 14, हैदराबाद 12, मुंबई 9, बीदर 8, लातूर 6 आणि नांदेड 4 टक्के. देशांच्या यादीत सौदी अरेबिया, अमिराती आणि आसपासचे देश मिळून 10 टक्के. उरलेले 7 टक्के इतर गावांत विखुरलेले. वयाच्या तक्त्यात 18 ते 34 वयाचे 64 टक्के, 35 ते 44 चे 20 आणि 45 च्या पुढचे 16 टक्के. स्त्रिया 26 टक्के.

पहिल्यांदा शहरे एकत्र करू. उदगीर, लातूर, नांदेड, पुणे आणि मुंबई मिळून 63 टक्के, म्हणजे 1,260 लोक महाराष्ट्रात आहेत. पेज उदगीरच्या अभ्यासिकेचे असल्याने पुण्या-मुंबईचे हे लोक बहुधा इथूनच शिकायला किंवा नोकरीला गेलेले. यातले जवळपास सगळे मराठी वाचतात. बीदरचे 8 टक्के, म्हणजे 160 लोक मराठी वाचत नाहीत असे धरावे. आखातातले 200 लोक बहुतेक आपल्याच घरांतले, म्हणून त्यांचीही लिपी इकडचीच.

राहिले हैदराबादचे 12 टक्के, म्हणजे 240 लोक. इथे थांबून विचार करावा लागतो.

तक्त्यातला हैदराबादकर खरा हैदराबादकर असतो का?

शहर कसे ठरते ते पाहू. काही वेळा माणसाने प्रोफाइलमध्ये लिहिलेले गाव घेतले जाते आणि बऱ्याचदा इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून अंदाज केला जातो. मोबाइल डेटाच्या बाबतीत हा अंदाज कच्चा असतो. कंपनीची यंत्रणा ज्या मोठ्या शहरातून इंटरनेटला जोडलेली असते, त्या शहराचे नाव येऊ शकते. उदगीरच्या घरात बसून पाहणारा माणूस तक्त्यात मोठ्या शहराचा रहिवासी म्हणून दिसू शकतो. देशाची नोंद साधारण भरवशाची असते, शहराची तितकी नसते.

याची तपासणी करण्याची एक युक्ती आहे. ज्यात उदगीरबाहेरच्या माणसाला काहीच रस नसेल असा एक छोटा व्हिडिओ यूट्यूबवर टाकावा. उदाहरणार्थ, अभ्यासिकेची बदललेली वेळ आणि परीक्षेच्या दिवसांत कोणती खोली उघडी राहील. मग त्या एका व्हिडिओच्या आकडेवारीत Advanced mode उघडून शहरांची यादी पाहावी. चॅनलवर हैदराबादचा वाटा एरवी 12 टक्के असेल आणि या व्हिडिओत तो 3 वर आला, तर ते लोक खरोखर तिकडचे आहेत. तो 8 राहिला, तर त्यातला मोठा भाग आपलाच आहे. तो नेटवर्कच्या गोंधळामुळे तिकडे मोजला गेला असेल किंवा इथून तिकडे राहायला गेला असेल. दोन्हींतले नक्की काय, हे या युक्तीने कळत नाही. पण लिपी ठरवण्यापुरते ते कळण्याची गरजही नाही, कारण दोघेही शिकले उदगीरमध्येच.

समजा 8 टक्के आले. तर 240 पैकी साधारण दोनतृतीयांश, म्हणजे 160 जण आपल्याकडे शिकलेले धरू आणि 80 जण खरे हैदराबादचे. म्हणजे मराठी न वाचणारे बीदरचे 160 आणि हैदराबादचे 80 मिळून 240 झाले. दोन हजारांत 12 टक्के. जो तक्ता वरवर पाहून 20 टक्के लोक सीमेपलीकडचे वाटत होते, तो तपासल्यावर वेगळेच सांगू लागला.

वयाचा तक्ता आणि घरातला एकच फोन

वय हे माणसाने खाते उघडताना भरलेल्या जन्मतारखेवरून येते. लहान मुले खाते उघडायला वय वाढवून लिहितात, हे शाळेत काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. दुसरे असे की, आपल्या घरांत एक फोन अनेकजण पाहतात. दुपारी मुलाचा फोन आईच्या हातात असतो, पण तक्त्यात तो 18 ते 24 वयाचा पुरुषच राहतो. म्हणून स्त्रियांचे 26 टक्के आणि 45 पुढचे 16 टक्के हे आकडे किमान समजावेत. प्रत्यक्ष पाहणाऱ्या आया आणि बुजुर्ग यांची संख्या याहून जास्त असण्याची शक्यता आहे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. फेसबुक आणि इन्स्टाग्राम वय आणि स्त्री-पुरुष यांचा मेळ घालून दाखवतात, पण शहराचा आणि वयाचा मेळ घालत नाहीत, शहराचा आणि वेळेचाही नाही. बीदरमधल्या पन्नाशीच्या बायका रात्री किती वाजता ऑनलाइन असतात, हे तिथून कळणार नाही. तीन वेगळे तक्ते शेजारी ठेवून कोणी असे ठाम सांगत असेल, तर तो त्याचा अंदाज आहे.

तक्ता हा आरसा आहे, खिडकी नव्हे

याहून मोठा धोका वेगळाच आहे. समजा या पेजवर दोन वर्षे इंग्रजी अक्षरांतली उर्दूच लिहिली गेली. साहजिकच ती वाचणारे तरुण टिकले आणि ज्यांना ती अक्षरे लागत नाहीत ते गेले किंवा आलेच नाहीत. आता तक्ता सांगतो की 64 टक्के लोक पस्तिशीच्या आतले आहेत. पेज चालवणारा म्हणतो, पाहा, आपले लोक तरुण आहेत, म्हणजे हीच अक्षरे चालू ठेवू. तक्त्याने त्याला त्याच्याच जुन्या निर्णयाचे प्रतिबिंब दाखवले आणि त्याने त्याला पुरावा समजले.

Audience चा भाग जे आले त्यांच्याबद्दल बोलतो. जे यायला हवे होते, त्यांची नोंद त्यात नाही. ती माहिती ॲपच्या बाहेर मिळते आणि शिक्षकांकडे ती आयती असते. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही कोणत्या लिपीत आहे, एवढे एका वर्गापुरते मोजले तरी गल्लीचे चित्र दिसते. कुठे आई उर्दूत सही करते आणि वडील मराठीत, कुठे दोघेही इंग्रजीत, तर कुठे अंगठा असतो. सही करता येणे म्हणजे वाचता येणे नव्हे, म्हणून पालकसभेत चार ओळींची एकच सूचना मराठीत, उर्दू लिपीत आणि इंग्रजी अक्षरांतल्या उर्दूत छापून वाटावी आणि कोणती सोपी गेली ते विचारावे. चाळीस पालकांनी हात वर केले की पेजच्या तक्त्याशी त्याची तुलना करावी. सभेत उर्दू वाचणाऱ्या आया निम्म्या निघाल्या आणि पेजवर त्या दिसतच नसतील, तर पेज त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाही. उर्दू वाचणारे कोणी नाहीत असा त्याचा अर्थ काढू नये.

आवाज जोडतो, अक्षर वेगळे करते

आता वाटणी ठरवू. आठवड्याला दहा पोस्ट धरू. इथे एक चूक बहुतेक पेजेसवर दिसते. एकाच पोस्टमध्ये मराठी, मग उर्दू, मग इंग्रजी असे तीन मजले चढवले जातात. फेसबुक लांब मजकूर मध्येच कापते आणि पुढचे पाहायला See more दाबावे लागते. जी भाषा सर्वात वर, तीच बहुतेकांना दिसते. तिसऱ्या मजल्यावरचा वाचक खाली उतरण्याआधीच पुढे सरकलेला असतो.

त्यापेक्षा पोस्टच्या कामावरून भाषा ठरवावी. अर्ज, प्रवेश, परीक्षा, दाखले यांच्या पाच पोस्ट मराठीत. अर्ज ज्या शब्दांत भरायचा तेच शब्द पोस्टमध्ये हवेत. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी प्रमाणपत्र हे शब्द उर्दूत वळवले तर सेतू केंद्रावर माणूस गोंधळतो. शिवाय या गोष्टी महाराष्ट्रातल्यांच्याच कामाच्या असतात. बीदरच्या माणसाला त्यांचा उपयोग नाही.

दोन पोस्ट उर्दू लिपीत. आरोग्य, मुलांचे संगोपन, पुस्तकांची ओळख, इंतकालची खबर, अशा सीमेच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या गोष्टी. इथे एक तांत्रिक बाब आहे. आयफोनवर 2017 पासून उर्दू नस्तालीक वळणात दिसते, पण बहुतेक अँड्रॉइड फोनवर ती नस्ख वळणात, म्हणजे अरबीसारखी सरळ दिसते. उर्दू शाळेत नस्तालीक शिकलेल्या बुजुर्गांना ती वाचायला जड जाते. म्हणून बरेचजण मजकुराचे चित्र करून टाकतात. चित्र देखणे होते, पण त्यातला मजकूर शोधून सापडत नाही आणि कॉपीही होत नाही. यावर उपाय असा की मजकूर चित्रात द्यावा आणि तारीख, पत्ता व फोन क्रमांक खाली टाइप करून पुन्हा द्यावेत.

दोन पोस्ट दखनीत बोललेल्या छोट्या व्हिडिओच्या. हैदराबादचा दुकानदार, बीदरची खालाजान, मराठी शाळेत गेलेली भाची आणि रियाधमधला भाऊ या सगळ्यांना एकाच वेळी समजणारी गोष्ट म्हणजे आपली बोली. ती ऐकताना लिपी आडवी येत नाही. पडद्यावर मराठी ओळी द्याव्यात आणि पोस्टची पहिली ओळ उर्दू लिपीत लिहावी. सर्वांसाठी असलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट इथे ठेवावी.

उरलेली एक पोस्ट इंग्रजी अक्षरांतल्या उर्दूत. मराठी वाचत नाहीत आणि उर्दू लिपीही ज्यांची सुटली आहे, अशा सीमेपलीकडच्या तरुणांसाठी. आपल्या हिशेबात मराठी न वाचणारे सगळे मिळून 12 टक्के होते आणि त्यातलेही काहीच या गटात येतील. त्यामुळे दहातली एक पोस्ट पुरे आहे.

वेळेचा तक्ता वाचताना

समजा तक्त्यात रात्री दहाला सर्वात जास्त लोक दिसतात आणि दुपारी तीनच्या सुमारास एक छोटा उंचवटा आहे. या तक्त्यातल्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे असतात. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सौदीत साडेसात आणि दुबईत साडेआठ झालेले असतात. कामावरून परतलेला बाप तेव्हा फोन उघडतो. फीबद्दलची गोष्ट त्याच्यापर्यंत जायची असेल तर ही वेळ चांगली.

पण दाखल्याची सूचना रात्री दहाला टाकू नये, गर्दी असली तरी. तेव्हा सेतू केंद्र बंद असते. माणूस पोस्ट पाहतो, उद्या करू म्हणतो आणि सकाळी विसरतो. ती सकाळी नऊला टाकावी. पाहणारे थोडे कमी असतील, पण उठून जाणारे जास्त मिळतील. दुपारचा तीनचा उंचवटा कोणाचा, हे तक्ता सांगत नाही. घरातली कामे आटोपून बसलेल्या बायकांचा असावा असा अंदाज आहे. दोन-तीन आठवडे उर्दू पोस्ट त्या वेळेला टाकून अंदाज खरा निघतो का ते पाहावे.

यूट्यूबबद्दल एक खुलासा. व्हिडिओ कोणत्या वेळी टाकला याचा दीर्घकालीन पाहण्यावर थेट परिणाम होत असल्याचे दिसत नाही, असे यूट्यूब स्वतः सांगते. थेट प्रक्षेपण ठेवायचे असेल तेव्हा मात्र तो तक्ता खरा उपयोगी पडतो.

रमजानमध्ये हा तक्ता फसवतो. सहरीमुळे लोक पहाटे जागे असतात, इफ्तारच्या वेळी फोन बाजूला असतो आणि तरावीहनंतर पुन्हा हातात येतो. पण यूट्यूबचा तक्ता 28 दिवसांचा असल्याने रमजानच्या पहिल्या आठवड्यात तो अजून शाबानच्या सवयी दाखवत असतो आणि ईदनंतर बरेच दिवस रमजानच्या. म्हणून रमजानच्या वेळा मागच्या वर्षीच्या रमजानमधल्या पोस्ट पाहून ठरवाव्यात आणि नेहमीचा तक्ता ईदनंतर महिनाभराने वाचावा.

जमले की नाही, हे कसे कळेल?

वाटणी ठरली की चार आठवडे पाळावी आणि मग मोजावे. किती जणांपर्यंत पोस्ट पोहोचली हा आकडा मोठा असतो, पण भाषेबद्दल तो फारसे सांगत नाही. ओझरते दिसणे म्हणजे वाचणे नव्हे. पोस्ट किती जणांनी पुढे पाठवली, किती जणांनी जपून ठेवली, लिंक किती जणांनी उघडली आणि व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला गेला, हे पाहावे. ज्याला भाषा कळली नाही तो पहिल्या काही सेकंदांत निघून जातो.

लहान पेजवर घाई करू नये. समजा एकच सूचना एका आठवड्यात मराठीत आणि दुसऱ्या आठवड्यात इंग्रजी अक्षरांतल्या उर्दूत टाकली, त्याच वारी, त्याच वेळी. दोन्ही वेळा ती 400 जणांपर्यंत गेली. मराठीची लिंक 24 जणांनी उघडली, दुसरीची 31 जणांनी. सात जणांचा हा फरक त्या दिवशी पाऊस पडला, बाजार होता किंवा एखाद्याने ती मोठ्या ग्रुपवर टाकली एवढ्यानेही पडू शकतो. हीच अदलाबदल चार वेळा करावी. चारही वेळा एकच बाजू पुढे राहिली तर त्यात काही अर्थ आहे. दोनदा ही आणि दोनदा ती पुढे राहिली, तर भाषेने फरक पडला नाही असे समजून ज्या लिपीत सूचना जास्त अचूक देता येते ती ठेवावी.

एखादी पोस्ट अचानक फार गाजली तर सगळेच आकडे बिघडतात. मुशायऱ्याचा एखादा व्हिडिओ हैदराबादेत फिरला की आठवड्यात दोनशे नवे फॉलोअर येतात आणि शहरांची यादी उलटीपालटी होते. ते लोक मुशायऱ्यासाठी आलेले असतात, उदगीरच्या अभ्यासिकेच्या वेळापत्रकाशी त्यांना देणेघेणे नसते. म्हणून दर तीन महिन्यांनी शहर आणि वयाच्या तक्त्यांचे फोटो काढून तारीख टाकून ठेवावेत. एका महिन्याच्या उडीवर भाषा बदलू नये, सलग दोन तिमाहींत दिसलेला बदल मात्र गंभीरपणे घ्यावा. व्हॉट्सॲप ग्रुपला असा तक्ताच नाही. तिथे सूचना कोणत्या भाषेत जावी हे अजूनही विचारूनच ठरवावे लागते, आणि पालकसभेतला तो चार ओळींचा कागद तिथेही कामाला येतो.